पिंजऱ्यातलं मडकं

छत्रपती संभाजीनगरात कुठल्याही पक्ष्यांच्या दुकानात जाऊन लव्हबर्डची जोडी मागितली, की बहुतेक वेळा हातात पडतो तो बजरीगर. हिरवा, निळा, पिवळा, पांढरा. वीतभर लांबीचा, मानेवर आणि पंखांवर काळ्या लाटा असलेला ऑस्ट्रेलियाचा छोटा पोपट. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला. तो अंगानं भक्कम असतो, चावरा असतो आणि त्याला बजरीगरांच्या पिंजऱ्यात सोडलं तर बजरीगरांचे पाय शाबूत राहत नाहीत. म्हणून आपण काय घेतोय हे आधी ओळखावं लागतं. देशी पोपट, म्हणजे राघू, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घरी ठेवता येत नाही. बजरीगर परदेशी आहे, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच पैदा होत आला आहे, त्यामुळे त्याला ती बंदी नाही.

जोडीबरोबर दुकानदार बाकीचा संसारही देतो. फूट-दीड फुटाचा तारेचा पिंजरा, प्लॅस्टिकच्या दोन दांड्या, दोन वाट्या, कांगणीची पिशवी आणि पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात टांगायला अरुंद तोंडाचं एक मडकं. घेणाऱ्याला वाटतं, मडकं म्हणजे पक्ष्याचं घर. रात्री झोपायला, थंडीत ऊब घ्यायला. माझं या लेखातलं मुख्य म्हणणं या मडक्याबद्दल आहे. बजरीगरला झोपायला मडकं लागत नाही. तो दांडीवर झोपतो, एक पाय पोटाशी घेऊन, मान मागे वळवून. मडकं फक्त अंडी घालण्यासाठी असतं, आणि ज्या घराला पिल्लं नको आहेत त्या घरात ते टांगून ठेवणं मादीच्या जिवावर बेततं.

गारखेडा परिसरातल्या एका कुटुंबाकडे हे मी जवळून पाहिलं. आजी, मुलगा-सून आणि आठवीतली नात. जोडी नातीच्या हट्टाखातर आलेली. नर निळा, मादी पिवळी-हिरवी. ओळखण्याची खूण चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवतीच्या मांसल पट्टीवर असते. वयात आलेल्या नराची ती निळी असते, मादीची तपकिरी. (पूर्ण पिवळ्या आणि पूर्ण पांढऱ्या पक्ष्यांत ही खूण फसवते, त्यांच्या नरांची पट्टी जन्मभर गुलाबी-जांभळी राहते.) दिवाळी उलटल्यावर जोडी घरात आली आणि संक्रांतीच्या आसपास मडक्यात पहिलं अंडं दिसलं. एक दिवसाआड एक अशी पाच अंडी झाली. सुमारे १८ दिवस उबवून तीन पिल्लं निघाली, पाच आठवड्यांनी मडक्याबाहेर आली, नातेवाइकांकडे गेली. घरात कौतुक झालं. ती पिल्लं पुरती बाहेर पडायच्या आतच दुसरी खेप सुरू झाली. तिच्यातलं एक अंडं हाताला मऊ लागलं, कवच कागदासारखं. ते फेकून दिलं आणि विसरून गेले. नंतर घरात ठरलं की आता पिल्लं नकोत, म्हणून अंडं दिसलं की उचलायचं. मादी पुन्हा घालत राहिली. पावसाळा संपत आला तरी मडकं तिथेच होतं.

नवरात्रातल्या एका संध्याकाळी आजींनी सुनेला हाक मारली. ‘‘अगं माय, बघ बरं. ही आज मडक्यात नाही, दांडीवरबी नाही. खालीच बसलीय मघापासून.’’ मादी पिंजऱ्याच्या तळाशी कोपऱ्यात होती. पिसं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले, पाय किंचित फाकलेले. शेपूट प्रत्येक श्वासाला वरखाली हलत होती. नातीला वाटलं थंडी वाजत असेल. आजींनी पिंजऱ्यातला कागद बघितला. दुपारपासून विष्ठा पडलेली नव्हती. हाच सगळ्यात उपयोगी तपशील ठरला, कारण डॉक्टरांना फोनवर तो सांगताच त्यांनी विचारलं, ‘‘अंडी घालतेय का ती सध्या?’’ आणि हो म्हटल्यावर सांगितलं, ‘‘उद्या नको. आत्ताच आणा. पोट दाबू नका, तेल लावू नका, फक्त ऊब द्या.’’

मादीचं अंडं अडलं होतं. अंडनलिकेतून अंडं बाहेर ढकलायला स्नायूंना जोरानं आकुंचन पावावं लागतं, आणि त्या आकुंचनाला रक्तातलं कॅल्शियम लागतं. कॅल्शियम कमी पडलं की स्नायू थकतात, अंडं वाटेत थांबतं. थांबलेलं अंडं आतड्याच्या शेवटच्या भागावर दाब देतं, म्हणून विष्ठा बंद होते. पायांकडे जाणाऱ्या नसांवर दाब येतो, म्हणून पाय फाकतात. श्वासाला जागा उरत नाही, म्हणून शेपूट पंपासारखी हलते. एवढासा पक्षी, वजन ३५ ग्रॅमच्या आसपास, आणि अंडं दोन ग्रॅमच्या पुढे-मागे. उपचार वेळेवर मिळाला नाही तर काही तासांत, फार तर एखाद्या दिवसात तो जातो.

कुटुंबानं बुटांच्या खोक्यात टॉवेल अंथरला, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवली, म्हणजे फार तापलं तर पक्ष्याला दुसऱ्या बाजूला सरकता यावं. झाकणाला भोकं पाडली आणि रिक्षानं डॉक्टरांकडे गेले. एक्स-रेमध्ये अंडं दिसलं, कवच पातळ. डॉक्टरांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाइन दिलं, आणि तीस अंशांच्या आसपास उबदार, दमट पेटीत अंधारात ठेवलं. रात्री उशिरा अंडं आपोआप बाहेर पडलं. ते पडलं नसतं तर पुढचा मार्ग सुईनं अंड्यातला द्रव काढून कवच आत मिटवण्याचा होता. तो धोक्याचा असतो, आणि सरावलेल्या हातांनीच करायचा असतो. घरी कुणी पोट दाबून अंडं काढायला गेलं तर ते आतच फुटतं, कवचाचे तुकडे नलिका फाडतात. तेलाचा थेंब सोडण्याचा उपाय पुष्कळ जण सांगतात. अडचण आत, वरच्या बाजूला असते, तिथे ते तेल पोहोचतच नाही. वर पिसं तेलकट होऊन अंगातली ऊब निघून जाते आणि मोलाचे तास वाया जातात.

मादी वाचली. पण ती पिंजऱ्याच्या तळाशी बसली त्या संध्याकाळी आजार सुरू झाला नव्हता. तो मडकं टांगलं त्या दिवशी सुरू झाला होता, आणि मऊ कवचाच्या अंड्यानं त्याची चिठ्ठी आधीच पाठवली होती.

हे असं का होतं, त्याचं उत्तर ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळावर आहे. इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० साली जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले आणि तिथून हा पक्षी जगभर पसरला. मूळ मुलखात मात्र त्याचे थवे पावसाच्या मागे फिरत असतात. पाऊस कधी पडेल याचा भरवसा नसतो. पडला की गवत वाढतं, बी पिकतं, आणि जोड्या झाडाच्या ढोलीत लगबगीनं अंडी घालतात. बी संपलं की थवा पुढे जातो, वीण थांबते. या पक्ष्याचं शरीर मोसमाकडे बघत नाही. भरपूर दाणा, जोडीदार, मोठा दिवस आणि एखादी अंधारी पोकळी या गोष्टी दिसल्या की ते विणीला लागतं. आता आपलं घर बघा. वाटी बारा महिने भरलेली. जोडीदार शेजारी. ट्यूबलाइट रात्री अकरापर्यंत चालू, म्हणजे दिवस सतरा तासांचा. आणि कोपऱ्यात मडकं. मादीच्या शरीराला वाटतं, पाऊस थांबलेलाच नाही.

अंडी उचलल्यानं उलट होतं. घरट्यातली संख्या पुरी होत नाही म्हणून ती आणखी घालते. प्रत्येक कवचाचं कॅल्शियम तिच्या हाडांतून येतं. पिल्लं नको असतील तर अंडी काढू नयेत. ताजी असतानाच एकेक अंडं उकळत्या पाण्यात घालून, थंड करून, परत ठेवावं. मादी ती उबवते, तीनेक आठवड्यांत कंटाळते आणि सोडून देते. तेव्हा अंडी आणि मडकं दोन्ही एकदमच काढून टाकायची. त्याच दिवशी पिंजऱ्याची जागा बदलावी, आतल्या दांड्या इकडच्या तिकडे कराव्यात, आणि रोज बारा तास अंधार मिळेल अशी सोय करावी. घरात रात्री टीव्ही चालू असेल तर संध्याकाळी साताला पिंजरा शांत खोलीत हलवणं हाच खरा उपाय. मडकं काढल्यावर मादी आठ-दहा दिवस अस्वस्थ असते, कोपरे खणते, कागद कुरतडते. घरच्यांना वाईट वाटतं आणि ते मडकं परत टांगतात. गारखेड्यात आजी तेवढ्या एका बाबतीत ठाम राहिल्या.

आता दाण्याकडे येऊ, कारण कॅल्शियमची गोष्ट तिथेच सुरू होते. बाजारातली कांगणी म्हणजे आपला राळा. त्यात बाजरी, वरई मिसळलेली असते. मराठवाड्यातलंच धान्य, बजरीगरला आवडतं, आणि दाणा म्हणून चांगलं आहे. मात्र नुसता दाणा हा आहार नाही. धान्यात कॅल्शियम थोडं आणि फॉस्फरस पुष्कळ, अ जीवनसत्त्व जवळपास नाही. केवळ दाण्यावर ठेवलेला पक्षी वर्ष-दोन वर्षं ठणठणीत दिसतो आणि मग सर्दी, यकृत, अंडं, कुठल्यातरी वाटेनं कोसळतो. सूर्यफूल आणि करडई तेलबिया आहेत. त्या मिश्रणात असतील तर पक्षी त्याच निवडून खातो आणि लठ्ठ होतो. त्या बक्षीस म्हणून एखाददुसऱ्या पुरेत.

एका पक्ष्याला दिवसाला साधारण दीड ते दोन चहाचे चमचे दाणा लागतो. इथे एक फसगत नेहमी होते आणि ती जीव घेते. बजरीगर दाणा सोलून खातो आणि फोलपट वाटीतच टाकतो. संध्याकाळी वाटी काठोकाठ भरलेली दिसते, पण ती फोलपटांची असते. घरचे म्हणतात, ‘आहे की अजून.’ पक्षी भरल्या वाटीसमोर उपाशी राहतो, आणि एवढ्या लहान जिवाला एक-दोन दिवसांचा उपासही झेपत नाही. वाटीवर हळूच फुंकर मारावी; फोलपटं उडतात, खाली काय उरलं ते कळतं. गावाला जाताना दोन दिवसांचा दाणा एकदम घालून जाणारे लोक इथेच चुकतात.

दाण्याबरोबर रोज हिरवं हवं, आणि त्यासाठी महागड्या भाज्या शोधायला नकोत. शेवग्याचा पाला आपल्याकडे गल्लोगल्ली मिळतो; त्यात कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वाचा साठा दोन्ही भरपूर. मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला, किसलेलं गाजर, ढोबळी मिरचीची फोड, मक्याच्या कोवळ्या कणसाचा तुकडा. पालक अधूनमधून ठीक, रोज नको, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. भाजी नीट धुवावी. पिकावरची फवारणी माणसाच्या पोटाला जेवढी जाणवते त्याच्या कितीतरी पट ३५ ग्रॅमच्या पक्ष्याला. दाण्यावर वाढलेला पक्षी पहिले काही आठवडे भाजीकडे बघतही नाही. ओली कोथिंबीर जुडीसकट पिंजऱ्याच्या जाळीला टांगली तर आधी तिच्यात अंघोळ करतो, मग कुरतडतो, मग खातो. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा, खारवलेलं काहीही, कांदा-लसूण यांपासून लांब ठेवावं.

कॅल्शियमसाठी समुद्रफेस. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात आणि पक्ष्यांच्या दुकानात मिळतो. पांढरा, हलका, एका बाजूनं मऊ. मऊ बाजू पक्ष्याकडे करून जाळीला अडकवायचा. अंडी घालणारी मादी तो आठवडाभरात फस्त करते, नर महिनोन्‌महिने चोच घासतो. पण समुद्रफेस खाऊनही कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, आणि ते उन्हातून येतं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन इथे उपयोगाचं नाही. ज्या किरणांनी ड जीवनसत्त्व तयार होतं ते काच अडवते. पिंजरा गॅलरीत, सकाळच्या कोवळ्या उन्हात, अर्धा पिंजरा सावलीत राहील असा वीस-पंचवीस मिनिटं ठेवावा आणि मांजर, कावळा, शिक्रा यांच्यासाठी जवळ माणूस असावा. गारखेड्याच्या घरी आधी पिंजरा जिन्याच्या कोनाड्यात होता. राळा, कोनाडा आणि चार खेपा; मादीची हाडं रिकामी व्हायला एवढं पुरलं.

पिंजऱ्याचं माप ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकीचं सुचत जातं: बजरीगर आडवा उडतो. उंच, गोल, घुमटाचा पिंजरा दिसायला छान, पण त्यात तो फक्त चढउतार करू शकतो. जोडीसाठी लांबी निदान तीन फूट, रुंदी आणि उंची दीड-दीड फूट असावी. रोज खोलीत मोकळं सोडणं होत असेल तर अडीच फूट लांबीवर भागतं. दोन दांड्या दोन टोकांना, मधली जागा मोकळी, म्हणजे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पंख मारत जावं लागेल. जाळीतली फट अर्ध्या इंचापेक्षा मोठी नको. मोठ्या फटीत डोकं अडकतं. इतका लांब पिंजरा तयार मिळाला नाही तर अर्धा इंची वेल्डमेश जाळी घेऊन फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेता येतो. अशा नव्या जाळीवर जस्ताचा लेप असतो, कुठे कुठे त्याचे थेंब गोठलेले असतात, आणि बजरीगर दिवसभर जाळी चावतो. जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. म्हणून पक्षी सोडण्यापूर्वी जाळी व्हिनेगर आणि तारेच्या ब्रशनं घासून, स्वच्छ धुवून, उन्हात वाळवावी.

प्लॅस्टिकच्या गुळगुळीत, एकाच जाडीच्या दांडीवर पक्षी वर्षभर उभा राहिला तर तळपायाला लालसर, चकचकीत डाग पडतात आणि पुढे फोड होतात. कडुलिंबाच्या किंवा पेरूच्या फांद्या, बोटाएवढ्या जाड, कुठे बारीक कुठे जाड, साल तशीच ठेवून आणि धुवून लावाव्यात. साल सोलण्यात त्याचा दिवस जातो, तेही चांगलंच. तळाशी लाकडाचा भुसा न घालता साधा कागद घालावा आणि रोज बदलावा. कागदावर विष्ठा दिसते, भुशात हरवते. मोकळं सोडताना छताचा पंखा बंद. आपल्याकडे उडता पक्षी दगावण्याचं एक मोठं कारण हा पंखाच आहे. आरसा झाकावा, खिडकीला पडदा ओढावा, पाण्याची बादली आणि माठ झाकावेत.

या शहराचा उन्हाळा वेगळी काळजी मागतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि वरच्या मजल्यावरचा स्लॅब रात्रीही तापलेला असतो. बजरीगर कोरड्या मुलखाचा असल्यामुळे सावली आणि पाणी असेल तर पुष्कळ सोसतो, पण पश्चिमेच्या गॅलरीत दुपारी अडकला तर सुटका नसते. पंख अंगापासून सुटे धरलेले, चोच उघडी, धाप. हे दिसलं की लगेच गार खोलीत हलवावा, पाय साध्या पाण्यानं ओले करावेत, प्यायला पाणी द्यावं. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नये. कूलर खोलीत असला तरी त्याचा झोत थेट पिंजऱ्यावर नको, आणि त्याचं गवत दर उन्हाळ्यात नवं हवं. जुन्या ओल्या गवतात बुरशी धरते आणि ती पक्ष्याच्या फुप्फुसात जाते. पाणी दिवसातून दोनदा बदलावं.

आणि दिवाळीत: पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, हवा एकाच दिशेनं वाहत राहते, त्यामुळे हवेतली चांगली-वाईट प्रत्येक गोष्ट तो आपल्यापेक्षा फार लवकर शोषून घेतो. घरी ऑइलपेंट काढला असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत पिंजरा दुसऱ्या घरी ठेवावा. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या लेपातून निघणाऱ्या वायूनं पक्षी काही मिनिटांत मरतो, आणि त्याआधी माणसाला वासही येत नाही. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात कधीच नको. धूप, उदबत्ती, डासांची कॉइल त्या खोलीत लावू नये. फटाक्यांच्या रात्री आतली खोली, बंद खिडक्या आणि झीरोचा दिवा. पूर्ण अंधारात घाबरलेला पक्षी जाळीवर आपटून पंख मोडून घेतो.

सोबतीबद्दल लोक दोन टोकांना जातात. एकच पक्षी ठेवला की तो बोलायला शिकतो असं म्हणून काही जण एकटा ठेवतात. बजरीगर थव्याचा प्राणी आहे. घरात दिवसभर कुणीतरी त्याच्याशी बोलणारं, त्याला खांद्यावर घेणारं असेल तर एकटा पक्षी निभावतो. घर सकाळी दहाला कुलूप लावून सहाला उघडत असेल तर दुसरा पक्षी हवाच. आरसा सोबत देत नाही. पक्षी आरशातल्या प्रतिमेला घास भरवत राहतो, उलटून काढतो, पुन्हा भरवतो, आणि स्वतः वाळतो. दुसरं टोक म्हणजे सोबत हवी म्हणजे नर-मादीच हवी. तसं नाही. दोन नर एकत्र फार छान राहतात. एकमेकांची मान खाजवतात, गातात, आणि अंड्यांचा प्रश्नच येत नाही. पहिल्यांदा पाळणाऱ्याला मी दोन नरच सुचवतो. दोन माद्या कधीकधी रक्त काढेपर्यंत भांडतात. नर-मादी असतील तर त्यांना वेगळं करायची गरज नाही, फक्त मडकं नको, बारा तास अंधार हवा. गारखेड्याची जोडी आजही एकाच पिंजऱ्यात आहे आणि मडकं निघाल्यापासून मादीनं अंडं घातलेलं नाही.

नवा पक्षी आणला तर महिनाभर वेगळ्या खोलीत, वेगळ्या वाट्यांनी ठेवावा. दुकानात शेकडो पक्षी एकत्र असतात. काही आजार बाहेरून दिसत नाहीत, आणि त्यांतला एक, सिटॅकोसिस, माणसालाही होतो. घरात पक्षी आणल्यावर कुणाला ताप, कोरडा खोकला आणि अंगदुखी राहिली तर डॉक्टरांना पक्ष्याबद्दल आवर्जून सांगावं. नेमकं औषध निवडायला त्यामुळे मदत होते.

बजरीगर आजार लपवतो. थव्यात दुबळा दिसला की शिकारी आधी त्यालाच उचलतो, म्हणून अंगात बळ असेतो तो नीट असल्याचं दाखवत राहतो. कुणी पिंजऱ्याजवळ गेलं की फुगवलेली पिसं आवरून, ताठ बसतो. म्हणून त्याला दुरून, दाराआडून पाहावं. दिवसा दोन्ही पायांवर फुगून झोपलेला, गाणं बंद झालेला, सकाळी दाण्यावर तुटून न पडणारा पक्षी निम्मा आजारी असतो. काही जण वाटीपाशी बसून चोच हलवतात, पण दाणा फुटत नाही; जवळ जाऊन नवी फोलपटं पडताहेत का ते बघावं. उडून आल्यावर शेपूट क्षणभर हलणं ठीक. शांत बसलेला असताना प्रत्येक श्वासाला हलत असेल तर तातडी. नर मादीला घास भरवताना मान नेटकी हलवतो. आजारानं उलटी होत असेल तर दाणे डोक्याच्या झटक्यानं उडतात आणि कपाळाची पिसं चिकट होतात. चोचीभोवती पांढरी, मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र खपली म्हणजे खरजेचे किडे. त्यावर औषध आहे आणि लवकर दिलं तर चोच वाकडी होत नाही. उलट मादीच्या नाकपट्टीवर तपकिरी, जाड थर येणं हे विणीचं लक्षण आहे, रोगाचं नव्हे. पण नराची निळी पट्टी हळूहळू तपकिरी होऊ लागली तर वृषणाच्या गाठीची शंका घ्यावी.

कागदावरची विष्ठा रोज वाचावी. तीन भाग असतात: गडद हिरवट घट्ट दोरी, पांढरा ठिपका, भोवती थोडं स्वच्छ पाणी. घट्ट भाग नाहीसा होऊन नुसता पांढरा-हिरवट द्रव पडत असेल तर पक्षी खात नाही. सबंध, न पचलेला दाणा दिसला आणि पक्षी खूप खाऊनही वाळत चालला असेल तर जठरातल्या यीस्टचा आजार असू शकतो; ताजी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तो कळतो. अंडी उबवणारी मादी मात्र दिवसातून मोजक्याच वेळा, मोठाल्या, वासाच्या विष्ठा टाकते, तेव्हा घाबरू नये.

या सगळ्यांच्या आधी बोलतो तो वजनकाटा. स्वयंपाकघरातला, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. दर रविवारी सकाळी, दाणा घालण्यापूर्वी, काट्यावर एक छोटी पेटी ठेवून आकडा शून्य करायचा, पक्षी आत सोडायचा आणि वहीत लिहायचं. बहुतेक बजरीगर ३० ते ४० ग्रॅमच्या दरम्यान असतात, पण महत्त्वाचा आकडा त्या पक्ष्याचा स्वतःचा. ३६चा पक्षी ३२वर आला तर पिसांखाली डोळ्यांना काहीच दिसत नाही. मात्र छातीवरून बोट फिरवलं की मधलं हाड धारेसारखं लागतं, दोन्ही बाजूंचं मांस ओसरलेलं असतं. दहावा हिस्सा वजन गेलं की थांबायचं नाही. गारखेड्यातली मादी रुग्णालयातून आली तेव्हा ३३ ग्रॅमची होती. शेवगा, समुद्रफेस आणि ऊन यांवर ती हळूहळू ३७वर स्थिरावली. वही आता नातीच्या ताब्यात आहे.

दुकानात मिळणारी प्रतिजैविकांची पिवळी पूड पाण्यात घालून देऊ नये. आजारी पक्षी पाणी कमी पितो, चव बदललेलं तर आणखीच कमी, त्यामुळे औषध किती गेलं ते कुणालाच कळत नाही, आणि पुढे डॉक्टरांच्या तपासण्या फसतात. घरी करायची गोष्ट एकच: उबदार, शांत, अंधुक खोकं, शेजारी दाणा-पाणी हाताशी, आणि डॉक्टरांचा रस्ता. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत, म्हणून पक्षी ठणठणीत असतानाच फोन करून विचारून ठेवावं: तुम्ही एवढ्याशा पक्ष्यावर उपचार करता का, एक्स-रेची सोय आहे का, रात्री कुणाला फोन करायचा. शहरात खडकेश्वरला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, आणि सुमारे दोनशे किलोमीटरवर परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय. पण अडलेल्या अंड्याला परभणी लांब पडतं, म्हणून जवळचा नंबर आधी लिहून ठेवायचा. नेताना सकाळचा पिंजऱ्यातला कागद घडी करून, वजनाची वही, खाद्याची पिशवी आणि मादी असेल तर शेवटचं अंडं कधी पडलं ती तारीख सोबत न्यावी. वाटेत खोकं उघडून बघू नये, ऊब जाते.